अनामिकेच्या मुळाशी

पहिल्यांदा दुखलं ते वरण-भात कालवताना. उजव्या हाताची अनामिका, तळहाताच्या बाजूला, अगदी मुळाशी. मी हात थांबवला आणि डाव्या अंगठ्याने दाबून पाहिलं. तुरीच्या दाण्याएवढ्या एकाच जागी दुखत होतं, आजूबाजूला काहीच नाही. समोर वडील जेवत होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. वरण गरम आहे, असं सांगून मी पुढे जेवले.

खोटं बोलायची तशी गरज नव्हती. पण डिसेंबर तोंडावर आला होता आणि जानेवारीत आम्हाला एक कडा चढायचा होता. त्या दिवसांत माझ्या अंगातल्या कुठल्याही दुखण्याला मी घरात नाव देत नव्हते.

मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. मोरिवलीजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माल तपासण्याचं काम करते आणि पालेगावच्या एका नव्या इमारतीत वडिलांबरोबर राहते. गेली पंधरा वर्षं रविवारी कडे चढते. ऑफिसात याला ट्रेकिंग म्हणतात. दोन-तीनदा समजावून सांगितलं, मग सोडून दिलं.

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. बदलापूरच्या मागच्या डोंगरांत एक काळा, सरळसोट कडा आहे, त्यावर आम्ही दोन वर्षं झटत होतो. साधारण निम्म्यावर एक जागा अशी आहे की पायाला नावापुरता आधार आणि हाताला एक आडवी खाच, बोटांची पहिली पेरं जेमतेम मावतील एवढीच. तिथून मी दोनदा पडले होते. दोर होता, म्हणून फक्त लोंबकळले. पुढे चढणारी मीच असायचे. सगळ्यात पुढे जो चढतो त्याच्या वर दोर नसतो, तो स्वतःच दोर वर नेत, वाटेतल्या खिळ्यांत अडकवत जातो; पडला तर शेवटच्या खिळ्याला लोंबकळतो. हे काम गटात माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही, पण ते माझं आहे हे मी धरून चालले होते. फेब्रुवारी संपला की त्या कड्यावर आग्या मोहोळं बसतात आणि दगड तापतो. त्यामुळे जे काही करायचं ते जानेवारीतच.

खालून माझा दोर सांभाळायचा तो दादा. बारवी धरणाकडे जाताना डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे, तिथला. भातशेती करतो, उरलेले महिने जंगलातलं काम, मिळेल तशी मजुरी. आठ वर्षांपूर्वी तो आम्हाला वाट दाखवायला आला आणि मग आमच्यातलाच झाला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी. आम्ही त्याला दोर वाहायला लावायचो, दोर धरायला लावायचो. पुढे चढशील का, असं आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बुधवारी आणि शुक्रवारी कारखाना सुटला की मी उल्हासनगरला जायचे. गटातल्या एकाची तिथे जीन्स धुण्याची शेड होती, ती बंद पडली. तिच्यात आम्ही प्लायवुडची तिरकी भिंत उभी केली आहे आणि तिच्यावर लाकडाच्या लहानमोठ्या पकडी ठोकल्या आहेत. खाली जुन्या गाद्या. त्या दिवसांत मी सगळ्यात बारीक पकडींवर लटकत होते, कारण कड्यावरची ती खाच डोक्यातून जात नव्हती. बारीक कडेवर धरायचं तर बोटांचे मधले सांधे वर उचलून, टोकं कडेवर रोवून, वर अंगठा दाबून धरतात. आम्ही त्याला क्रिम्प म्हणतो. पकड भक्कम बसते. सगळा भार बोटाच्या आतल्या दोरीवर येतो हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं, पटलेलं नव्हतं.

सकाळी उठलं की बोट ताठ असायचं. मूठ वळताना अनामिका मागे राहायची. दात घासून, चहा पिऊन होईपर्यंत सुटायची. ओला टॉवेल पिळताना कळ यायची. प्रयोगशाळेत मोठी बाटली उचलताना मी नकळत तीन बोटांनी उचलायला लागले. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे भिंतीवर पंधरा मिनिटं चढलं की दुखणं नाहीसं व्हायचं. मला वाटायचं, बघ, काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर, कालच्यापेक्षा थोडं जास्त.

मग मी पट्टी बांधायला लागले. पांढरी, न ताणणारी, खेळाडू वापरतात ती. बोटाच्या मुळाशी तिचे चार वेढे, करकचून. टोक जांभळं पडायचं. कुणी विचारलं तर सांगायचे की काळजी घेतेय.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी पाय सुटला. उजवा हात बारीक कडेवर होता, क्रिम्पमध्ये, आणि पाय घसरल्याबरोबर सगळं अंग त्या चार बोटांवर आलं. टक असा आवाज झाला. ओली काडी मोडावी तसा, बारीक. गादीवर पडले तेव्हा आधी वाटलं प्लायवुड वाजलं. त्या दिवशी शेडमध्ये आलेल्या, दोर गुंडाळत बसलेल्या दादाने मान वर केली. त्याला ऐकू आलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. पट्टीचे आणखी दोन वेढे दिले आणि मोठ्या पकडींवर दहा मिनिटं चढले. कारण मोठ्या पकडीवर, बोटं सरळ ठेवून धरलं, तर फारसं दुखत नव्हतं. दादा म्हणाला, "ताई, बस कर." मी ऐकलं नाही.

सकाळी बोटाचं मूळ सुजलेलं होतं. मूठ वळेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मुरगळलंय म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या आणि रबरी चेंडू दाबायला सांगितलं. मी दोन दिवस चेंडू दाबला, ऑफिसात, घरी, रिक्षात. बसून राहणं जमतच नव्हतं, त्यामुळे चेंडू मला आवडला. तिसऱ्या दिवशी सूज दुप्पट झाली.

सोमवारी मी उल्हासनगरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती हाताचंच काम करते. तिच्याकडे बहुतेक शिलाई कारखान्यांतले कारागीर येतात, सुई बोटातून गेलेले, मनगटं धरलेले. सिंधी बाई, पन्नाशीची, हिंदीत सुरू करून मराठीत संपवणारी. तिने आधी चेंडू पर्समध्ये ठेवायला सांगितला आणि परत काढू नकोस म्हणाली. मग बोट हातात घेतलं. मुळापासून टोकापर्यंत एकेक पेर दाबत गेली. त्या जागी आल्यावर मी हात मागे घेतला. बोटाचे वरचे दोन्ही सांधे वेगवेगळे वाकवायला लावले, ते वाकले, म्हणजे आतली दोरी तुटलेली नव्हती. मग क्रिम्पसारखं धरून तिच्या बोटाला दाबायला सांगितलं. दुखलं. बोट सरळ ठेवून ओढायला सांगितलं. खूपच कमी दुखलं. आवाज आला होता का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर किती वेळ चढलीस, हेही विचारलं. ते सांगताना मी खिडकीबाहेर बघत होते.

तिच्या टेबलावर एक जीन्स पडली होती, कुणीतरी कारागिराने आणून दिलेली. तिने ती उचलली.

"ये देख ताई, ही बेल्टची लुप्पी. बेल्ट कमरेला चिकटून का राहतो? लुप्पीमुळे. तुझ्या बोटात पण अशाच आहेत, दोरीला हाडाशी धरून ठेवायला. पुली म्हणतात. मुळाशी जी आहे ती सगळ्यात कामाची. तू तिला अर्धी उसवली आहेस, असं मला वाटतंय."

पूर्ण तुटली असती तर बोट वाकवताना दोरी हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर आली असती, असं तिने सांगितलं. तसं दिसत नव्हतं, पण सूज असल्यामुळे नुसत्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. सोनोग्राफीला पाठवलं. सोनोग्राफीवाले डॉक्टर दिवसभर पोटं बघणारे. त्यांना तिने स्वतः फोन करून सांगितलं, बोट नुसतं ठेवून बघू नका, तिला जोर लावायला सांगा आणि दोरी आणि हाडातलं अंतर मोजा. अंतर वाढलं होतं, पण दोन मिलिमीटरच्या आत. अर्धवट फाटली होती, तुटली नव्हती. शस्त्रक्रिया नको.

मी लगेच विचारलं, जानेवारीत चढू शकेन का. ती हसली नाही. तिने कागदावर लिहून दिलं. दोन आठवडे बोटाला पूर्ण आराम, कडं घालून. मग हलके व्यायाम, दोरी पुलीतून सरकती राहावी म्हणून बोट वाकवायचं आणि सरळ करायचं, जोर न लावता. चार ते सहा आठवड्यांनी भिंतीवर मोठ्या पकडी, पट्टी बांधून, बोटं सरळ ठेवून. पुरतं चढणं दोन महिन्यांच्या आसपास. क्रिम्प तीन महिन्यांच्या आधी नाही. आणि हे अर्धवट फाटलेल्याचं, तेही सगळं नीट गेलं तर. नुसती ताणली गेली असती तर दीड महिन्यात सुटली असतीस, असं ती म्हणाली. भात कालवताना दुखलं तेव्हा आली असतीस तर, हे ती म्हणाली नाही. मी घरी जाताना स्वतःला म्हटलं.

गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचं कडं तिने माझ्या बोटाच्या मुळावर दाबून बसवलं. अंगठीसारखं, पण रुंद. ते दोन आठवडे मी कसे काढले ते वडिलांना विचारा. मी घरात फिरत राहायचे. दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. फडताळं आवरली, पुन्हा आवरली. सकाळी बसथांब्यापर्यंत चालत जायच्याऐवजी कारखान्यापर्यंत चालत जायला लागले. वडील माझ्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचे. मी दर तासाला कडं काढून ती जागा दाबायचे, दुखतंय का बघायला. तिथे दाबलं की दुखणारच. पण दाबल्याशिवाय चैन पडत नसे.

तो आवाज झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी दाबून दुखलं नाही. मी पुन्हा दाबलं. नाही. मूठ वळली. त्या दिवशी रविवार होता, वडील बाजारात गेले होते. स्वयंपाकघराच्या दाराला वर लाकडी चौकट आहे, तिची कड बोटाच्या एका पेराएवढी. मी स्टूल ठेवलं, कड धरली आणि हळूहळू पाय सोडले. तीन-चार क्षण सगळं ठीक होतं. मला केवढा आनंद झाला. मग सवयीने मधले सांधे वर उचलले गेले, मी उचलले नाहीत, ते गेले. आणि आत काहीतरी गरम पसरलं.

आवाज या वेळी आला नाही. पण संध्याकाळपर्यंत सूज परत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून मी कबूल केलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने पुन्हा सगळं दाबून, वाकवून पाहिलं, पुन्हा सोनोग्राफीला पाठवलं. अंतर तेवढंच होतं, नशीब. पण जे जुळत आलं होतं ते ओढलं गेलं होतं. कागदावरच्या तारखा तिने खोडल्या आणि मोजणी पुन्हा सुरू केली, पहिल्यापासून. "दुखणं थांबलं म्हणजे शिवण पक्की झाली असं नाही," ती म्हणाली. "धागा अजून कच्चा आहे. कच्च्या धाग्यावर तू लटकलीस."

मग तिने मला एक नियम दिला. दहापैकी दोनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त ताठ असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं मागे जायचं. आणि दाबून बघणं दिवसातून एकदा, सकाळी. मी तिच्याकडे हट्ट करून पाहिला, एखादं इंजेक्शन देऊन लवकर होणार नाही का. ती म्हणाली, सूज उतरवायचं जे इंजेक्शन लोक मागतात त्याने तीच जागा आणखी कमजोर होऊ शकते.

जानेवारीचा रविवार ठरलेलाच होता. गटाने पुढे ढकलायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, मोठ्या मनाने, निदान तसं दिसेल अशा आवाजात. पुढे कोण चढणार, हा प्रश्न निघाला. आणि मग दादा म्हणाला की मी जातो. सगळ्यांनी लगेच हो म्हटलं, जणू वाटच बघत होते. मीही हो म्हटलं. घरी आले आणि मला झोंबत राहिलं. आठ वर्षं ज्याने माझा दोर धरला तो माझा कडा चढणार. हो, मनात तेच शब्द होते, माझा कडा.

त्या रविवारच्या आधीच्या भेटीत फिजिओथेरपिस्टने मला पट्टी बांधायला शिकवली. पुढच्या आठवड्यापासून शेडमधल्या मोठ्या पकडी चालतील म्हणाली. बोटापेक्षा थोडा लांब तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांकडून मध्ये उभा कापत यायचं, मधोमध थोडा भाग तसाच ठेवायचा. चार शेपट्या होतात. न कापलेला भाग बोटाच्या मधल्या सांध्याखाली, तळहाताच्या बाजूला. बोट थोडं वाकवायचं, आधी खालच्या दोन शेपट्या सांध्याच्या खाली गुंडाळायच्या, मग वरच्या दोन सांध्याच्या वर. सांधा मोकळा राहतो आणि दोरी हाडाशी दाबली जाते. नख दाबून सोडायचं, लगेच गुलाबी झालं पाहिजे. चढून झालं की काढून टाकायची. माझ्या जुन्या चार वेढ्यांबद्दल ऐकून तिने डोक्याला हात लावला. ही पट्टी थोडा आधार देते, आठवण देते, एवढंच. पट्टी बांधली म्हणून काही करता येतं असं समजू नकोस, हे तिने दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही कड्याखाली पोचलो. मी बघायला आले होते, असं सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या पिशवीत तळाशी चढायचे बूट होते, पट्टी होती आणि छोटी कात्री. चौकटीला लटकल्याला अजून चार आठवडेही झाले नव्हते. पण बोट दुखत नव्हतं. कडा कोरडा होता, थंड, उजेड त्याच्यावर नुकताच उतरत होता. बाकीचे दोर सोडवत होते. मी एका दगडाआड बसले आणि पट्टी कापायला घेतली. स्वतःला सांगत होते की फक्त पहिले दहा-पंधरा फूट, नुसता हात लावून बघायला.

दादा पाणी प्यायला त्या बाजूला आला. त्याने पट्टी बघितली, बूट बघितले. मला वाटलं काही बोलेल. तो शेजारी बसला आणि त्याने डावा हात माझ्यासमोर धरला.

"ह्यो बोट बघ."

अनामिकाच. त्याने ती वाकवली आणि उजव्या हाताच्या बोटाने तिच्या टोकाला उलटा दाब दिला. तळहाताच्या बाजूला कातडीखाली एक दोरी उठली. बोटाच्या मुळापासून मधल्या सांध्यापर्यंत, हाडापासून सुटलेली, ताणलेली. मग त्याने बोट सरळ करायचा प्रयत्न केला. ते पुरतं सरळ झालं नाही. मधल्या सांध्यात वाकडंच राहिलं. आठ वर्षं त्या हाताने माझा दोर धरला होता आणि मी ते बोट एकदाही बघितलं नव्हतं.

तो विशीत असताना शेळी कड्यावर अडकली होती. ती सोडवायला गेला, पाय सुटला, एका हातावर राहिला. आवाज आला, असाच. पुढच्या आठवड्यात भातलावणी होती. चिखलात हात घालून, रोज, तो लावणी करत राहिला. मग लाकडं. मग दगड. कुणी सांगितलं नाही की थांबायचं असतं. सांगितलं असतं तरी थांबता आलं नसतं, असं तो म्हणाला. दोन वर्षं दुखलं, मग दुखायचं थांबलं आणि बोट असं राहिलं.

"मना कोनी सांगला नाय," तो म्हणाला. "तुला तं डाक्टरीन सांगते, ताई. तुला सुट्टी हाय. तरी तू ऐकत नाय."

तो उठून गेला. मी पट्टी हातात धरून बसून राहिले. रडू आलं असं नाही. शरम वाटली, आणि शरमेखाली अजूनही ती चुळबूळ होतीच, ती गेली नाही. कड्याकडे बघितलं की पाय हलत होते. मी कापलेली पट्टी चुरगळून खिशात घातली, बूट पिशवीच्या तळाशी ढकलले आणि बाकीच्यांकडे जाऊन उभी राहिले. दुसऱ्याने दोर धरला होता. मी नुसती उभी.

दादा चढला. मी त्याला इतकी वर्षं माझ्या मागून, वरच्या दोरावर येताना बघितलं होतं, म्हणजे बघितलंच नव्हतं, कारण तोवर मी वर पुढच्या तयारीत असायचे. तो बोटं दुमडून धरतच नाही. जमेल तिथे तळहात, नाही तर बोटं सरळ, लोंबती, दगडाला चिकटवलेली. आणि भार सगळा पायांवर. तो त्या खाचेपाशी आला. मी तिथे दोन्ही हातांनी क्रिम्प करून स्वतःला वर ओढायचा प्रयत्न करायचे. त्याने खाचेत उजवी बोटं सरळ ठेवली, कंबर कड्याला लावली, डावा पाय इतक्या वर नेला की ती जागा पायाची असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं, आणि त्या पायावर उभा राहिला. एवढंच. पुढची पकड त्याच्या छातीशी आली.

वरून त्याने हाक दिली तेव्हा खाली सगळे ओरडले. मी ओरडले नाही, टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा बोट दुखलं, दहापैकी एक.

पुढच्या आठवड्यापासून मी शेडमध्ये जायला लागले. पट्टी बांधून, मोठ्या पकडींवर, वीस मिनिटं. दुसऱ्या सकाळी बोट तेवढंच. मग अर्धा तास. एकदा पाऊण तास झाला आणि सकाळी ताठपणा वाढला, तेव्हा एक आठवडा मागे गेले. ते मागे जाणं मला अजून जमत नाही, मी ते दात खाऊन केलं. मधल्या पकडी मार्चमध्ये आल्या. एप्रिलच्या शेवटी, फिजिओथेरपिस्टसमोर, तिच्या बोटावर मी क्रिम्प केलं. तिने जोर वाढवत नेला. दुखलं नाही. बोटाचं मूळ थोडं जाड राहिलंय, ते तसंच राहील म्हणाली.

मे महिन्यात मी दादाला तिच्याकडे घेऊन गेले. त्याला यायचं नव्हतं. रविवारी भाजी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात येणारच होता, म्हणून आला. तिने त्याचं बोट बराच वेळ हातात धरून ठेवलं. एवढ्या वर्षांनी शस्त्रक्रियेने फार काही मिळणार नाही आणि दुखत नसताना ती नकोच, असं तिने त्याला नीट सांगितलं. मधला सांधा मात्र थोडा सरळ होऊ शकेल, रात्री झोपताना बोट सरळ धरणारी कडक प्लास्टिकची पट्टी लावून, रोजच्या ताणण्याने, काही महिन्यांत. दादाने विचारलं, लावणीच्या दिवसांत करायचं का. ती म्हणाली, लावणी झाल्यावर सुरू करा. त्याने मान हलवली. तो करतो की नाही मला माहीत नाही. मी विचारलं की विषय बदलतो.

पाऊस सरल्यावर आम्ही दोघं शेडमध्ये आलो. मी त्याला म्हटलं, ते सरळ बोटांचं मला शिकव. त्याला शिकवता येत नाही. तो करून दाखवतो आणि बाजूला होतो. मी सारखी सांधे वर उचलायचे आणि तो माझ्या मनगटावर टिचकी मारायचा. पायांनी विचार करायला मला तीन महिने लागले. सगळं क्रिम्प मी सोडलं नाही, सोडणारही नाही, पण आता ते शेवटचं ठेवते.

डिसेंबरात आम्ही पुन्हा त्या कड्यावर गेलो. खालचा भाग दादा पुढे, वरचा मी, असं ठरलं. खाच खालच्या भागात येते. मी तिथे पोचले ती त्याच्या मागून, वरच्या दोरावर. डाव्या पायाची ती जागा खालून बघितली होती तेवढी उंच नव्हती. बोटं सरळ ठेवली. पाय नेला. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा उभी राहिले.

त्याच्याजवळ पोचल्यावर मी दोर बदलून पुढे निघायच्या तयारीला लागले, घाईघाईने, गाठ बांधता बांधता वर बघत. तो म्हणाला, "ताई, पाणी पी आधी." मी पाणी प्यायले. वरचा भाग सोपा नाही, पण तिथे मोठ्या पकडी आहेत.